जळगावचं घर विकलं, ताईचा वाटा कॅनडात कसा पोहोचला

वडील गेल्यावर जळगावच्या जुन्या भागातलं घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर यायचं होतं. ताई पंधरा वर्षांपासून कॅनडात. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला ती माहेरी आली तेव्हा नात्यातल्या एका काकांनी सुचवलं, "पोरीकडून हक्कसोड करून घे, घर तुझ्या एकट्याच्या नावावर विक आणि तिचे पैसे तिला नंतर दे." काकांचा हेतू चांगला होता, सल्ला मात्र घातक होता.

परदेशात पैसे पाठवणारी बँक कागद उलट्या क्रमाने वाचते. खात्यात पैसे कुठून आले? खरेदीखतातून. खरेदीखतात विकणारी म्हणून ताईचं नाव आहे का? ते का आहे? कारण ती वारस आहे. हक्कसोड केली की ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. मग मी दिलेले पैसे वारसा विक्रीचे राहत नाहीत, भावाने बहिणीला दिलेली भेट ठरतात, आणि भेटीचे नियम वेगळे आहेत. म्हणून आम्ही हक्कसोड केली नाही.

वारस नोंद आणि कुलमुखत्यारपत्र

घर शहरातलं असल्याने नगर भूमापन कार्यालयात अर्ज देऊन मिळकत पत्रिकेवर दोघांची वारस नोंद करून घेतली. शेत असतं तर हेच काम तलाठ्याकडे फेरफार आणि सात-बाराने झालं असतं.

सह्यांसाठी ताईला पुन्हा यायला जमणार नव्हतं, म्हणून तिने कुलमुखत्यारपत्र पाठवलं. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करता येतं किंवा तिथल्या सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारा खरेपणाचा शिक्का, करून घेता येतं. ते महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे बरेच जण विसरतात. पाकीट कोणत्या तारखेला आलं ते लिहून ठेवा.

विक्रीआधी खातं आणि पॅन

ताईचं लग्नाआधीचं साधं बचत खातं अजून चालू होतं. अनिवासी झाल्यावर असं खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. विक्रीचा धनादेश जुन्याच खात्यात जमा झाला असता तर पुढे बँकेने प्रश्न काढलेच असते.

पॅनमध्ये आणखी एक खोच निघाली. अनिवासींना आधार जोडण्याची सक्ती नाही, पण आयकर खात्याच्या नोंदीत तुम्ही निवासीच दिसत असाल तर आधार नसलेलं पॅन निष्क्रिय होतं आणि कर चढ्या दराने कापला जातो. ताईचं तसंच झालं होतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम गिऱ्हाईक शोधायच्या आधी करा.

कर किती कापायचा

सौदा 90 लाखांचा ठरला, म्हणजे प्रत्येकाचे 45 लाख. खरेदीदाराच्या ओळखीच्या माणसाने त्याला सांगितलं होतं की घराला एक टक्का टीडीएस असतो. माझ्या वाट्याला ते बरोबर होतं, माझे 45 हजार कापले गेले. ताई अनिवासी असल्याने तिला तो नियम लागूच होत नाही. तिच्या वाट्यावर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे साडेबारा टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर, इतका कर कापावा लागतो. त्यासाठी खरेदीदाराला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागला. तो नाराज झाला, पण कर कमी कापला तर जबाबदारी त्याच्यावर येते, हे आमच्या सीएने त्याला समजावलं.

पूर्ण 45 लाखांवर हा कर 5,85,000 रुपये होतो. प्रत्यक्षात कर नफ्यावर असतो. घर 2001 च्या आधीचं असल्याने 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते, मात्र त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा जास्त नाही. सरकारमान्य मूल्यांकनकाराने ती 20 लाख काढली, ताईच्या वाट्याला 10 लाख. नफा 35 लाख, त्यावर कर 4,55,000. जुलै 2024 नंतर अनिवासींना महागाई निर्देशांकाचा लाभ मिळत नाही, त्यामुळे पूर्वीसारखा मोठा फरक आता पडत नाही. तरी 1,30,000 रुपये उगाच अडकले असते आणि विवरणपत्र भरून परत मागावे लागले असते.

यावर उपाय म्हणजे आयकर खात्याचं कमी कपातीचं प्रमाणपत्र. साठेखत झाल्यावर खरेदीदाराच्या टॅनसह ऑनलाइन अर्ज केला. आम्हाला सव्वा महिना लागला. हे प्रमाणपत्र त्या खरेदीदारापुरतं आणि त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं. इसारावरही कर कापावा लागतो, म्हणून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत इसार लहानच घेतला. फरक वीस-तीस हजारांचाच असेल तर माझ्या मते या खटाटोपात पडू नये.

आणि रोख? "थोडं वरचं रोखीत घ्या" हे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सौद्यात ऐकू येतं. ती रक्कम खरेदीखतात नसते, म्हणून ती कायदेशीर मार्गाने परदेशी जाऊच शकत नाही. शिवाय घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेण्यावर दंड आहे.

बँकेतून बाहेर

खरेदीखत नोव्हेंबर 2025 मध्ये झालं. ताईच्या एनआरओ खात्यात 40,45,000 रुपये आले. नोव्हेंबरात कापलेला कर खरेदीदाराने 7 डिसेंबरपर्यंत भरायचा असतो, त्या तिमाहीचं विवरण 31 जानेवारीपर्यंत द्यायचं आणि त्यानंतर कपातीचा दाखला मिळतो. आमच्या बँकेने कर भरल्याच्या चलनावर समाधान न मानता दाखलाच मागितला, म्हणून पैसे फेब्रुवारीपर्यंत पडून राहिले. खरेदीदाराशी संबंध गोड ठेवा, कारण तो दाखला त्याच्याच हातात असतो.

पुढे सीएने कर भरल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 15सीबी, ऑनलाइन चढवलं. त्यावरून ताईने कॅनडात बसून आयकर संकेतस्थळावरच्या स्वतःच्या खात्यातून 15सीए, म्हणजे पैसे पाठवण्याची घोषणा, भरला. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा आता सीएला क्रमांकापेक्षा काम सांगा: "परदेशी पैसे पाठवायचे आहेत." बँकेला यासोबत खरेदीखत, वारस नोंदीची मिळकत पत्रिका, वडिलांचा मृत्यू दाखला, कपातीचा दाखला आणि परदेशात पैसे पाठवण्याचा ए2 अर्ज दिला.

मर्यादा एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरची आहे. खानदेशातल्या घराच्या वाट्याला ती क्वचितच आड येते.

शेताचं गणित वेगळं. अनिवासीला वारशाने शेतजमीन मिळू शकते, पण विकायची ती भारतात राहणाऱ्यालाच. जमीन गावाकडची असेल तर भांडवली नफ्याचा करच नाही. 2011 च्या जनगणनेतल्या लोकसंख्येनुसार जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या हद्दीपासून सहा किलोमीटरपलीकडे, आणि अमळनेर, चोपड्यासारख्या लहान शहरांपासून दोन किलोमीटरपलीकडे ती असावी लागते. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. वारस नोंद, एनआरओ आणि सीएचं प्रमाणपत्र मात्र तिथेही चुकत नाही.

ताईला हा नफा कॅनडातल्या विवरणपत्रातही दाखवायचा आहे. इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मागण्यासाठी तोच कपातीचा दाखला लागेल, म्हणून त्याची मूळ प्रत मी तिच्याकडे पाठवून दिली.