पाळीच्या तक्त्यावर व्यायाम बसवताय? या चुका टाळा

आमच्या धावण्याच्या गटात एक बँकेत नोकरी करणारी ताई आहे, वय 34. सकाळी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळते, आठवड्यातून दोन संध्याकाळी जिममध्ये स्क्वॅट मारते. मागच्या हिवाळ्यात तिचं 45 किलोचं स्क्वॅट तीन महिने जागचं हललं नाही. आहार ठीक होता, झोपही बरी होती. शेवटी तिनं मोबाइलवरचा तक्ता दाखवला. पाळीचे पहिले पाच दिवस फक्त चालायचं, सहाव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत जोरात व्यायाम, आणि पंधराव्यापासून पुढची पाळी येईपर्यंत हलका योग.

मी तिच्या तारखा कागदावर मांडल्या. तिच्या तीन चक्रांची लांबी 27, 33 आणि 29 दिवस होती, म्हणजे एकूण 89 दिवस. तक्त्याप्रमाणे त्यातले जोराचे दिवस फक्त 27. आठवड्याला दोनदा या हिशेबानं तिचे साधारण 25 वेळा स्क्वॅट व्हायला हवे होते, झाले जेमतेम आठ. वजन वाढणार कुठून? हार्मोनकडे बोट दाखवायची गरजच नव्हती.

पहिली चूक: चौदावा दिवस सगळ्यांचा सारखा धरणं

या तक्त्यांचा पाया म्हणजे 28 दिवसांचं चक्र आणि चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणं. 2019 मध्ये सहा लाखांहून जास्त चक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा बरोबर 28 दिवसांची चक्रं शंभरात साधारण 13 निघाली. लांबीतला फरक येतो तो बहुतेक पहिल्या भागातून. ओव्ह्युलेशननंतरचा भाग त्या मानानं स्थिर असतो, बहुतेकींचा बारा ते चौदा दिवसांच्या आसपास.

आता ताईचं 33 दिवसांचं चक्र घ्या. मागून मोजलं तर तिचं ओव्ह्युलेशन साधारण एकोणीस ते एकविसाव्या दिवशी झालं असणार. तक्त्यानं मात्र तिला पंधराव्या दिवसापासूनच ‘उतरती’ म्हणून योगाच्या चटईवर बसवलं. म्हणजे ज्या दिवसांत तक्त्याच्याच मते तिची ताकद शिखराकडे चाललेली असायला हवी, त्याच दिवसांत ती हलकं हलकं करत होती. मोबाइल तारखांवरून अंदाज बांधतो, शरीरात काय घडलं ते त्याला कळत नाही. खात्री करायची तर लघवीच्या तपासणीची पट्टी वापरावी लागते किंवा रक्ततपासणी.

दुसरी चूक: टप्पा कळला की ताकद कळली, असं मानणं

समजा टप्पा अचूक कळला, तरी फरक किती पडतो? 2020 मध्ये 78 अभ्यास एकत्र करून केलेला आढावा आला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी किंचित कमी असू शकते असं त्यात दिसलं, पण हा फरक नगण्य म्हणावा इतकाच होता. शिवाय बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कच्चा होता. म्हणून त्या संशोधकांनी सगळ्यांना एकच नियम न लावता प्रत्येकीचं वेगळं पाहायला सांगितलं. ताकदीच्या व्यायामावर 2023 मध्ये झालेल्या आढाव्यानंही टप्प्याप्रमाणे आखणी करण्याच्या बाजूनं भक्कम पुरावा नाही असंच म्हटलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वजन उचलल्यानंतर स्नायूंत प्रथिनं किती वेगानं तयार होतात ते ओव्ह्युलेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यात मोजलं, तिथंही फरक आढळला नाही.

म्हणजे थकवा मनाचा खेळ आहे का? मुळीच नाही. ओटीपोटात कळा येत असतील, कंबर भरून आली असेल, रात्री झोप लागली नसेल, तर तेच वजन जड लागतं. पण मग कारण कळा आणि झोप हे आहे, आणि ते प्रत्येकीला, दर महिन्याला सारखं नसतं. पूर्वी कावळा शिवला म्हणून चार दिवस बाजूला बसवायचे, आता तक्ता साधारण वीस दिवस बाजूला बसवतो. याला सुधारणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ताईचा तक्ता आम्ही काढून टाकला. स्क्वॅट महिनाभर आठवड्याला दोनदाच ठेवले. रोज वहीत चारच गोष्टी लिहायच्या: पाळीचा कितवा दिवस, किती तास झोप, दुखणं दहापैकी किती, आणि व्यायाम दहापैकी किती जड वाटला. त्या दिवसाचा निर्णय घरी घ्यायचा नाही, दहा मिनिटं वॉर्म-अप करून घ्यायचा. अंग मोकळं झालं तर ठरलेलं सगळं करायचं. वॉर्म-अपचे सेटच नेहमीपेक्षा खूप जड लागले तर वजन तेच ठेवून सेट तीनऐवजी दोन. दुखणं सातच्या वर असेल तर तो दिवस सोडून व्यायाम एक-दोन दिवस पुढे ढकलायचा, रद्द करायचा नाही.

तीन चक्रांनंतर वहीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पहिल्या दोन दिवसांत व्यायाम एक-दोन गुणांनी जास्त जड वाटायचा, पण उचललेलं वजन तेवढंच असायचं. तिसऱ्या दिवसापासून सगळं नेहमीसारखं. तीन महिन्यांत एकूण दोनदाच व्यायाम पुढे ढकलावा लागला आणि स्क्वॅट 52.5 किलोवर गेलं. एकाच महिन्याच्या नोंदीवरून मात्र काही ठरवू नका. त्या महिन्यात घरी पाहुणे असले तरी वही तसंच चित्र दाखवेल.

तिसरी चूक: स्मार्टवॉचवरच्या हृदयाच्या ठोक्यांना घाबरणं

ओव्ह्युलेशननंतर शरीराचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसनं वर जातं, विश्रांतीतले ठोकेही थोडे वाढतात. घड्याळ लगेच ‘शरीर सावरलेलं नाही’ म्हणतं आणि बाई घरी बसते. अशा वेळी ठोक्यांवर वेग ठरवू नका. नेहमीच्या वेगात पळताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते पाहा. येत असेल तर पळा. एप्रिल-मेमध्ये मात्र या वाढलेल्या तापमानात नाशिकच्या उन्हाची भर पडते. लांब पल्ला असेल तेव्हा सातला निघण्यापेक्षा साडेपाचला निघा.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना तर हा तक्ता लागूच होत नाही. त्यांच्या हार्मोनचा चढउतार गोळी ठरवते, मधल्या सुट्टीतला रक्तस्राव ही नेहमीची पाळी नव्हे.

चौथी चूक: खरा थकवा टप्प्याच्या नावावर खपवणं

थकवा दोन-चार दिवसांपुरता नसेल, चारही आठवडे असेल, तर तक्ता बाजूला ठेवा आणि रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या भारतीय महिलांपैकी 57 टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त लांबणं, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं या खुणा असतील तर जास्तच लक्ष द्या. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पूर्वी न लागणारी धाप आता लागत असेल, तर तीही नोंदवा.

आमच्याच गटातल्या दुसऱ्या एकीचं हिमोग्लोबिन 12.1 आलं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं, म्हणून ती सहा महिने ‘माझा उतरता टप्पा आहे’ असं म्हणत राहिली. फेरिटिन तपासलं तर 9 निघालं, म्हणजे साठवलेलं लोह जवळजवळ संपलेलं. हिमोग्लोबिन शेवटी घसरतं, साठा आधी रिकामा होतो. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र मागा. डॉक्टरांनी तिला लोहाची गोळी दिली. सुरुवातीला ती ही गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, पण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. आता चहा दोन तासांनी पिते, आणि सकाळी ट्रॅकवर उशिरा आली की कारण म्हणून तोच चहा सांगते.