परदेशी पाहुण्यांना पहिल्यांदा घरी जेवायला बोलावताना

आमंत्रण देतानाच ॲलर्जी विचारून घ्या, पण नाव घेऊन: शेंगदाणे, काजू, दूध, गहू. "काही वर्ज्य आहे का?" असं मोघम विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात, कारण कोशिंबिरीत दाण्याचं कूट असतं याची त्यांना कल्पनाच नसते. शेंगदाणा चालत नसेल तर त्या दिवशी कूट आणि शेंगदाणा तेल दोन्ही स्वयंपाकातून काढा. एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात गेला तरी त्रास होऊ शकतो. गहू वर्ज्य असेल तर हिंगाची डबीही वाचा, कारण बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

"तिखट चालतं का?" या प्रश्नाचा मात्र उपयोग नाही. कुणाचं तिखट म्हणजे मिरपुडीची चिमूट असते. त्यापेक्षा स्वयंपाक सौम्य करा आणि तिखट बाजूला ठेवा. पहिल्या जेवणाला वरण-भात-तूप, बटाट्याची पिवळी भाजी, पोळ्या, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड पुरे. चौघांच्या भाजीला दोन हिरव्या मिरच्या घ्या, तुकडे न करता फक्त चीर देऊन फोडणीत टाका आणि वाढण्यापूर्वी काढून घ्या. स्वाद उतरतो, पण दाताखाली मिरची येत नाही. घरच्यांना आमटी हवी असेल तर थोडं वरण वेगळं काढून त्यालाच लाल तिखटाची फोडणी द्या. सगळ्याला आधीच तिखट घातलं, तर मग पाणी वाढवून आमटी पांचट होते आणि जळजळ राहतेच.

प्रत्येक ताटात साध्या दह्याची वाटी हवी. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग शमत नाही, दह्या-दुधाने शमते. पाहुणे नुसताच भात खाऊ लागले किंवा घोटाघोटाला पाणी पिऊ लागले, तर काही न विचारता दही पुढे करा. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं द्या. ताकात आणि बर्फातही तेच वापरा, हे हमखास विसरतं. काकडी धुऊन, सोलून घ्या.

वाढताना एकेका पदार्थाचं नाव सांगा. लोणच्याकडे खास बोट दाखवा, कारण ते भाजीसारखं चमचाभर खाल्लं जातं. नखाएवढं, घासाबरोबर, असं सांगा. चमचा न मागता ठेवा. हाताने खायचं असेल तर उजव्या हाताने, आणि पोळीचा तुकडा मोडून त्यात भाजी कशी धरायची ते एकदा करून दाखवा.

आपला आग्रह त्यांना कळत नाही. ताट रिकामं केलं की पुन्हा वाढलं जातं, आणि सभ्यपणे संपवता संपवता त्यांचं पोट दुखायला लागतं. नको असेल तर ताटावर हात आडवा धरा, हे पहिल्या घासाआधीच सांगून टाका. तो हात दिसला की आपणही तिथेच थांबायचं.