नोटीस पिरियडमधल्या केटीचे वेळापत्रक कसे आखावे

राजीनामा मंजूर झाला की मॅनेजर हमखास एक वाक्य म्हणतो, "महिना आहे ना हातात, केटी होऊन जाईल." केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जाणाऱ्याने आपले काम दुसऱ्याला शिकवून देणे. मग पहिले दोन आठवडे चालू कामात जातात, तिसऱ्यात रजा निघते आणि शेवटच्या तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ मीटिंगा लावून सगळे उरकले जाते. काम घेणारा मान डोलावतो. पुढच्या महिनाअखेरीला तोच माणूस, सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा फोन लागतो का ते पाहत बसतो.

हे टाळायचे तर वेळापत्रक शेवटाकडून मागे आखावे लागते. एक उदाहरण घेऊन ते पाहू. ग्राहकांना दरमहा बिले पाठवण्याचे काम एका कर्मचारी महिलेकडे आहे आणि ती नोकरी सोडते आहे. तिचे काम घेणारा त्याच टीममधला आहे. नोटीस ३० दिवसांची, सुरुवात सोमवार ३ तारखेला. महिना ३० दिवसांचा, म्हणून शेवटचा दिवस पुढच्या महिन्याची २ तारीख, मंगळवार. शनिवार-रविवार सुटी.

आधी खरे दिवस मोजा

३० दिवसांत कामाचे दिवस २२ निघतात. तिची १३ आणि १४ तारखेची रजा आधीच मंजूर आहे, १९ला सार्वजनिक सुटी आहे. राहिले १९. ही बेरीज पहिल्याच दिवशी करून मॅनेजरला लेखी पाठवावी, कारण "महिना आहे" आणि "१९ दिवस आहेत" या दोन वाक्यांनी माणसाची घाई वेगवेगळी होते. रजा शिल्लक असेल तर ती नोटीसमध्ये वळती होणार का, आणि कंपनी ठरल्याआधी रिलीव्ह करण्याची शक्यता आहे का, हेही एचआरला तेव्हाच विचारावे. दोन्हींमुळे दिवस आणखी घटतात.

हॅन्डओव्हरची तारीख आणि शेवटचा दिवस वेगळे ठेवा

बहुतेक वेळापत्रके इथेच फसतात. हॅन्डओव्हरची तारीख म्हणजे जबाबदारी बदलते तो दिवस. तो शेवटच्या दिवशीच ठेवला, तर काम घेणाऱ्याची पहिली चूक होते तेव्हा शेजारी कोणीच नसते.

ही तारीख कामाच्या चक्रावरून ठरवावी. आपल्या उदाहरणात २४ आणि २५ला कामाचे तास गोळा होतात, २६-२७ला बिले तयार होतात आणि २८ला जातात. नोटीसच्या काळात हे चक्र एकदाच येते. त्या एका फेरीत बिले घेणाऱ्याने करायची आणि जाणारीने शेजारी बसून पाहायचे, असे ठरवले तर हॅन्डओव्हर त्याआधी, म्हणजे शुक्रवार २१ला झालेच पाहिजे. नंतरचे कामाचे सात दिवस ती नोकरीत आहे, पण त्या कामाची मालक नाही. २१पर्यंत १२ कामाचे दिवस मिळतात, त्यातले पहिले तीन यादीला आणि माणूस नेमायला जातात. सेशनसाठी उरतात नऊ.

३ ते ५ : कामांची यादी

यादी आठवून करू नका. आठवून केलेल्या यादीत मोठी कामे येतात आणि सवयीने होणारी छोटी कामे सुटतात. कॅलेंडरमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदी, पाठवलेल्या मेलचे मागचे तीन महिने आणि सामायिक फोल्डरमध्ये शेवटचा बदल तिच्या नावाने असलेल्या फाइली, एवढ्या तीन ठिकाणांहून यादी काढा. तिमाही आणि वार्षिक कामे यात दिसणार नाहीत, ती वेगळी विचारा.

प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहा : हे एकदा चुकले तर काय होईल, आणि हे आणखी कोणाला येते का. ज्याचे उत्तर "ग्राहकाला चुकीची रक्कम जाईल" आणि "कोणालाच नाही" असे आहे, ते वर घ्या. कोणालाही विचारून कळण्यासारख्या कामाला सेशन लागत नाही, चार ओळींची टीप पुरते.

याच तीन दिवसांत परवानग्यांचे अर्ज टाका. त्यांना बहुधा सेशनपेक्षा जास्त दिवस लागतात. आणि लॉगिन मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे नाही. ज्या पोर्टलचा ओटीपी जाणारीच्या मोबाइलवर येतो तो नंबर बदलावा लागतो. जी फाइल किंवा आपोआप जाणारा मेल तिच्या खात्यावर चालतो, तो तिचे खाते बंद होताच अडकू शकतो. म्हणून मालकी टीमच्या खात्यावर न्यावी. पासवर्ड सांगून ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे.

विषय कसा लिहावा

इन्व्हाइटवर "बिलिंग केटी – भाग २" असे लिहिले तर त्या तासात काय व्हायचे ते कोणालाच कळत नाही. विषय म्हणजे एक करायचे काम हवे आणि त्याचा शेवट डोळ्यांना दिसला पाहिजे. "विशेष दर असलेल्या ग्राहकाचे बिल दरपत्रकावरून तयार करणे" हा विषय झाला, कारण शेवटी बिल हातात असते. इन्व्हाइटमध्येच लागणाऱ्या फाइलची लिंक द्या आणि काम घेणारा टिपणे लिहील असे नमूद करा. टिपणे जाणारीने लिहिली तर सवयीच्या पायऱ्या गळतात. उदाहरणार्थ, तासांचा अहवाल काढताना ती `Refresh` दोनदा दाबते, कारण पहिल्यांदा कालचाच आकडा येतो. तिला विचाराल तर ती म्हणेल, "अहवाल काढायचा, बस." शेजारी बसून लिहिणाऱ्याला मात्र दुसरी टिचकी दिसते आणि तो विचारतो, "परत का दाबलंत?"

एका दिवशी एकच सेशन, ६० ते ९० मिनिटांचे. त्याहून लांबले तर शेवटचा भाग डोक्यात राहत नाही, आणि त्याच दिवशी टिपणे नीट करायला घेणाऱ्याला तासभर लागतोच.

प्रत्यक्ष वेळापत्रक

विषयांचा क्रम दोन गोष्टींवर ठरतो. जोखमीचे आधी, म्हणजे नोटीस मध्येच कापली गेली तरी महत्त्वाचे उरत नाही. आणि जे काम नोटीसच्या काळात खरेच घडणार आहे, ते त्याच दिवशी.

- गुरुवार ६ : पूर्ण चक्र एका बैठकीत, मागच्या महिन्याच्या फाइली उघडून. तपशील नाही, फक्त काय कशानंतर येते.
- शुक्रवार ७ : दरपत्रक. कोणाला वेगळा दर, तो कधी ठरला, मंजुरीचा मेल कुठे आहे.
- सोमवार १० : थकबाकीचा पाठपुरावा. दर महिन्याच्या १०ला तो होतोच, म्हणून फोन आणि मेल घेणाऱ्याने करायचे.
- मंगळवार ११ : तास कोणाकडून मागवायचे आणि न आल्यास कोणाला सांगायचे.
- बुधवार १२ : मागच्या महिन्याच्या आकड्यांवरून बिल तयार करणे.
- सोमवार १७ : रिव्हर्स केटी, म्हणजे घेणाऱ्याने केलेले काम दाखवायचे आणि देणारीने तपासायचे.
- मंगळवार १८ : अपवाद. चुकलेले बिल रद्द करणे, क्रेडिट नोट, महिन्याच्या मध्यात बंद झालेला ग्राहक.
- गुरुवार २० : मोकळा.
- शुक्रवार २१ : हॅन्डओव्हर.

२०चा दिवस मोकळा पाहून कोणीतरी त्यावर मीटिंग टाकेल, ती टाकू देऊ नका. सात सेशनपैकी एखादे तरी पुढे ढकलले जाते आणि त्याला जागा लागते.

रजेचे दोन दिवस वाया जात नाहीत, उलट तेच सर्वांत कामाचे. १३ आणि १४ला घेणाऱ्याने मागच्या महिन्याची पाच बिले एकट्याने, सरावाच्या फोल्डरमध्ये तयार करायची. पाचही साधी निवडू नका : दोन नेहमीची, दोन विशेष दराची, एक अर्ध्या महिन्याचे. अडले की फोन करायचा नाही, प्रश्न लिहून ठेवायचा. १७ला ही बिले आणि प्रत्यक्ष गेलेली बिले शेजारी-शेजारी उघडायची. समजा चार जुळली आणि विशेष दराच्या एकात फरक आला. शोधल्यावर कळते की दरपत्रकात नवा दर १ तारखेपासून लिहिलाय, पण त्या ग्राहकाशी तो १६पासून ठरला होता आणि ही गोष्ट फक्त जाणारीच्या डोक्यात होती. अशी एक गोष्ट निघाली की दरपत्रकात "कधीपासून" हा रकाना लगेच वाढवा. सांगून झाले म्हणून सोडू नका.

१७ला घेणाऱ्याकडे एकही प्रश्न नसेल तर खूश होऊ नका. त्याने बिले केलेली नाहीत, किंवा जुनी बिले समोर ठेवून उतरवली आहेत.

सेशनचे रेकॉर्डिंग जरूर करा, पण दीड तासाचा व्हिडिओ पुन्हा कोणी पाहत नाही. विषयागणिक दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून कामाच्या नावाने ठेवा.

२१ तारीख आणि त्यानंतर

२१ला तिघे बसतात : देणारी, घेणारा, मॅनेजर. यादीतल्या प्रत्येक कामापुढे "एकट्याने केले", "पाहिले" किंवा "राहिले" यांपैकी एक शब्द घेणाऱ्याने लिहायचा, देणारीने नाही. "राहिले" असलेल्या प्रत्येक ओळीला २ तारखेच्या आतली तारीख द्या. तिमाही आणि वार्षिक कामांना ती देता येणार नाही. तिथे लेखी पायऱ्या आणि मागच्या वेळच्या फाइली मॅनेजरने स्वतः उघडून पाहाव्यात. त्याच संध्याकाळी मॅनेजरच्या नावाने मेल जातो की सोमवार २४पासून बिलांसाठी अमुक यांच्याशी संपर्क साधावा. हा मेल जाणारीने पाठवला तर लोक तिलाच उत्तर देत राहतात.

२४ ते २८ कीबोर्ड घेणाऱ्याच्या हातात. देणारीने चूक होताना दिसली तरी बिल पाठवण्याच्या पायरीपर्यंत थांबायचे, कारण स्वतःच्या तपासणीत ती सापडते का हेच पाहायचे असते. बिल जाण्याआधी मात्र सांगायलाच हवे. ग्राहकांचे फोन तिला आले तर उत्तर न देता ते घेणाऱ्याकडे वळवायचे. हे तिला जड जाते आणि मॅनेजरलाच दोन-तीनदा आठवण करावी लागते.

सोमवार १ला उरलेल्या ओळी. मंगळवार २ला लॅपटॉप, ओळखपत्र, एचआरच्या सह्या. त्या दिवशी केटी ठेवू नका, ती होत नाही.

बाहेरून भरती व्हायची असेल आणि माणूस २१पर्यंत येणार नसेल, तर वेळापत्रक थांबवू नका. टीममधला कोणीतरी तात्पुरता घेणारा नेमा आणि हीच सगळी सेशने त्याच्यासोबत करा. नवा माणूस आल्यावर तो त्याला शिकवेल आणि एका हातातून दुसऱ्यात जाताना थोडे गळेलच. म्हणून तात्पुरत्या माणसानेही पाच बिले स्वतः करायची, ती पायरी वगळायची नाही.