खान्देशी उन्हाळ्यात रीड डिफ्यूझर लावताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा रीड डिफ्यूझरचं, म्हणजे काड्यांमधून खोलीत सुगंध पसरवणाऱ्या बाटलीतलं, तेल भराभर उडतं. म्हणून १०० मिलीच्या बाटलीत हिवाळ्यात सहा-सात काड्या ठेवत असाल, तर उन्हाळ्यात तीन-चारच ठेवा. वास कमी वाटला तर एकेक वाढवा.

तेल घरी बनवायचं असेल तर ८० मिली तयार डिफ्यूझर बेसमध्ये २० मिली सुगंधी तेल पुरे. खोबरेल वापरू नका. ते घट्ट असल्याने काडीतून नीट वर चढत नाही. काड्या तासभर भिजल्या की एकदा उलटा, पुढे आठवड्यातून एकदा.

जागा महत्त्वाची. कूलरच्या थेट झोतात बाटली ठेवली तर तेल लवकर संपतं आणि वास एका कोपऱ्यात जातो. ओट्याजवळ नको, तेल पेट घेऊ शकतं. बैठकीच्या दाराजवळ, उन्हापासून दूर, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. खाली बशी हवीच, कारण थेंबाने फर्निचरचं पॉलिश जातं.

तेल पाव बाटली उरलं की भरा. तेल असूनही वास येत नसेल तर काड्या धुळीने बुजल्यात. त्या धुऊन उपयोग नाही, नव्याच घाला.