टीव्हीमागच्या वायरी आवरताय? या चुका टाळा

गणपती चार दिवसांवर आले की घराघरांत आवराआवरीची लाट येते आणि तिच्या मागोमाग आमच्याकडे तक्रारींची. मी फायबर इंटरनेटच्या जोडण्या करतो, त्यामुळे हा हंगाम पाठ झालाय. "कालपर्यंत नेट छान होतं, आज गेलं." काही हलवलं का? "छे, काहीच नाही. टीव्हीमागचं जरा आवरलं, एवढंच."

यंदाची तक्रार डोंबिवलीच्या माझ्या मावशीची होती. आधी तिनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, "बघा, जळमटं गेली एकदाची." अर्ध्या तासानं मला फोन, "अरे, नेट बंद पडलंय."

फोटोत सगळं खरंच देखणं होतं. टीव्हीखालून निघणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र घेऊन तिनं त्यांची वेणी घातली होती, वीतभर अंतरावर काळे केबल टाय आवळले होते आणि उरलेल्या लांबीची घट्ट गुंडाळी करून एक्स्टेंशन बोर्डामागे कोंबली होती. मी फोटो मोठा करून पाहिला. फायबरच्या डब्यावर लाल दिवा. पिवळी बारीक वायर टायखाली काटकोनात मुडपलेली. बोर्डाच्या शेवटच्या भोकाभोवती तपकिरी डाग. आणि राउटरच्या पाठीवरचा स्टिकर, त्यावर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही स्वच्छ वाचता येत होते. ग्रुपमध्ये चाळीस माणसं. तो फोटो आधी काढायला लावला आणि नेट सुरू झाल्यावर पासवर्डही बदलून घेतला.

टीव्हीमागे सैल लोंबणारा गुंता दिसायला वाईट असतो, पण तो सहसा काही बिघडवत नाही. बिघाड होतो तो आवरताना. कुठली वायर कुठून काढली हे विसरतं, जी वळवायची नाही ती वळवली जाते आणि जिला हवा लागायला हवी ती झाकली जाते.

आधीचा फोटो न काढणं

मावशीनं फोटो काढला तो काम झाल्यावर. खरा उपयोगाचा फोटो काम सुरू करण्याआधीचा. एक लांबून, संपूर्ण गुंत्याचा. मग टीव्हीच्या पाठीचा जवळून, म्हणजे कुठली वायर कुठल्या खाचेत आहे ते दिसेल. मग फायबरचा डबा, राउटर आणि सेट-टॉप बॉक्स यांच्या पाठी. शेवटी प्रत्येक अडॅप्टरचा, त्यावरचं बारीक लिखाण वाचता येईल असा. हे फोटो स्वतःपुरते ठेवायचे. कुणाला पाठवायचेच असतील तर स्टिकरवर बोट किंवा कागद धरून वेगळा फोटो काढायचा.

टीव्हीच्या पाठीवर एचडीएमआयच्या दोन-तीन खाचा असतात आणि त्या दिसायला सारख्या असतात. साउंडबार मात्र त्यांतल्या `ARC` लिहिलेल्या खाचेतच लागतो. दुसऱ्या खाचेत लावला तर चित्र येतं, पण आवाज टीव्हीतूनच येत राहतो आणि साउंडबार बिघडला असं वाटतं. आधीचा फोटो असेल तर हे अर्ध्या मिनिटात कळतं.

रिमोटनं बंद करून हात घालणं

रिमोटनं टीव्ही बंद केला तरी आत वीज असते. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी जुन्या घरांत पूर्ण भरवसा नाही. काही ठिकाणी वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं असतं, मग बटण बंद असूनही भोकात फेज राहतो. म्हणून बटण बंद करून प्लगच बाहेर काढायचा, वायर ओढून नाही तर प्लगचं अंग धरून. अडॅप्टरवरचा किंवा डब्यावरचा दिवा काही सेकंद रेंगाळतो. तो विझेपर्यंत थांबायचं.

डिशची जाड काळी वायर असेल तर तिच्यासाठी हे आणखी महत्त्वाचं. ती फक्त सिग्नल आणत नाही. सेट-टॉप बॉक्स तिच्यातूनच वर छतावरच्या डिशच्या डोक्याला 13 ते 18 व्होल्ट पुरवतो. बॉक्स चालू ठेवून ती फिरवून काढली आणि मधली तार बाजूच्या जाळीला लागली, तर शॉर्ट होऊन बॉक्स बसू शकतो.

वायरी हाताळताना एचडीएमआयच्या किंवा डिशच्या धातूच्या टोकाला बोट लागून झिणझिण्या आल्या तर ते हसण्यावारी नेऊ नका. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून थोडी गळती होतेच आणि ती अशी जाणवते. पण टीव्हीचा प्लग तीन पिनांचा असूनही झिणझिण्या येत असतील तर बहुधा घराचं अर्थिंग नीट नाही. तिथं वायरमनच हवा.

फायबरला दोरी समजणं

आता मावशीचा लाल दिवा. डब्यावर त्याच्याशेजारी `LOS` लिहिलेलं असतं. तो लाल झाला म्हणजे काचेच्या तंतूतून येणारा उजेड डब्यापर्यंत पोचत नाही. तांब्याची वायर कशीही मुडपली तरी वीज वाट काढते. उजेडाचं तसं नाही. तंतूला तीव्र वळण मिळालं की उजेड वळणावरच बाहेर गळतो आणि पुढे काही उरत नाही.

मी घरच्यांना एक साधं माप सांगतो: फायबरचा वळसा आमटीच्या वाटीपेक्षा लहान नको. म्हणजे साधारण 3 सेंटिमीटर त्रिज्या. हल्लीचे तंतू याहून लहान वळणही सोसतात, पण आत कुठला तंतू आहे हे बाहेरून कळत नाही, तेव्हा वाटी बरी. केबल टाय तर फायबरवर लावूच नये. तो एकदा आवळला की सैल होत नाही, आणि तंतू तिथल्या तिथे चेपला जातो.

फोनवर मावशीला एवढंच करायला लावलं. सगळे प्लग काढ. लहान कात्रीनं पिवळ्या वायरीवरचे टाय काप, कात्रीचं टोक वायरीच्या दिशेनं नको. ती वायर वेणीतून मोकळी कर, वाटीएवढे दोन सैल वळसे घाल आणि डब्याच्या बाजूला ठेव. हिरवं टोक काढू नको. ते टोक उगाच काढलं की त्यावर धूळ नाहीतर बोटाचं तेल बसतं आणि तेवढ्यानंही सिग्नल पडतो. वायर सुटीच असेल तर तिच्या टोकात डोकावायचं नाही. तिच्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यात जातोच.

प्लग लावला. लाल दिवा गेला. "आला, हिरवा आला!" आणि मिनिटभरात, "अरे, गेला सगळाच. परत लागला. परत गेला."

वळण सरळ करूनही लाल दिवा राहिला तर तंतू कुठेतरी तुटलेला असू शकतो. मग घरात करण्यासारखं काही नाही, जोडणीवाल्याला बोलवावं लागतं. पण दिवे लागून पुन्हा पुन्हा विझतात, ही खूण वेगळी आहे.

अडॅप्टरची अदलाबदल

मावशीकडे फायबरचा डबा 12 व्होल्टचा आणि आतल्या खोलीसाठीचा जुना छोटा राउटर 9 व्होल्टचा. दोघांचे अडॅप्टर काळे, दोघांच्या पिना सारख्याच गोल. पुसून परत लावताना 9 व्होल्टचा डब्याला गेला. डब्याला दिवे लावण्यापुरती ताकद मिळायची, पूर्ण काम सुरू झालं की कमी पडायची आणि तो नव्यानं सुरू व्हायचा. उलट्या बाजूला राउटरला 12 व्होल्ट जात होते. तो तगला, हे नशीब.

अडॅप्टरवर `OUTPUT` समोर दोन आकडे असतात. व्होल्टचा आकडा उपकरणावर लिहिलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवा. अँपिअरचा आकडा अडॅप्टरवर जास्त असला तर चालतो, कमी असला तर नाही. म्हणजे 12 व्होल्ट 1 अँपिअरच्या डब्याला 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर चालेल. प्लग काढण्याआधीच प्रत्येक अडॅप्टरवर कागदी चिकटपट्टी लावून पेनानं नाव लिहिलं की हा घोळ होत नाही.

तपकिरी डाग टेप लावून झाकणं

नेट सुरू झालं, तेव्हा मी डागाचं विचारलं. मावशी म्हणाली, "तो जुनाच आहे. टीव्हीचा लोड जास्त होतो वाटतं."

लोडचा हिशेब करून पाहू. तिचा 43 इंची टीव्ही साधारण 100 वॉट, साउंडबार 40, सेट-टॉप बॉक्स 15, डबा आणि राउटर मिळून 20. सगळे मिळून 175 वॉट. 230 व्होल्टवर हे एक अँपिअरही होत नाही. बोर्ड 6 अँपिअरचा, म्हणजे जवळजवळ 1400 वॉटचा. टीव्ही बिचारा निर्दोष.

"त्या भोकात आणखी काय लावता?" थोडं थांबून उत्तर आलं, "इस्त्री. टीव्ही बघत बघत करते."

1000 वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या वर ओढते. कागदावर हेही 6 अँपिअरच्या आतच. पण रोज प्लग काढून घालून त्या भोकातली पितळी पट्टी सैल झाली होती, आणि सैल जोडावरची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट सहापट झाला की उष्णता तीसपटीच्या पुढे जाते. त्यात बोर्डाची स्वतःची वायर घट्ट गुंडाळून मागे कोंबलेली, म्हणजे तिची उष्णता बाहेर पडायलाही वाव नाही.

डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, प्लग हलवल्यावर खरखर, किंवा तासाभरानं प्लगच्या अंगाला लागणारा चटका, यांपैकी एकही दिसलं तर बोर्ड बदलायचा. त्याला टेप लावायचा नाही, आणि त्याच्यात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड तर लावायचाच नाही. इस्त्री, हीटर, किटली यांची जागा भिंतीवरच्या सॉकेटमध्ये.

मग बांधायचं कसं

मावशीकडे मी रविवारी गेलो आणि वेणी सोडली. विजेच्या वायरी एका बाजूला, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूला, फायबर स्वतंत्र. बांधायला कापडी वेल्क्रोच्या पट्ट्या, खाली एक बोट सरकेल इतक्या सैल. जादा लांबीच्या गोल गुंडाळ्या न करता नागमोडी सैल घड्या. टीव्हीजवळ प्रत्येक वायरीला चार बोटं ढील, नाहीतर टीव्ही पुढे ओढला की ताण थेट खाचेवर येतो. बोर्ड जमिनीवरून उचलून भिंतीला स्क्रूनं लावला, कारण फरशी पुसताना पाणी तिथंच जातं. राउटर टीव्हीच्या पाठीमागून काढून कपाटावर उघड्यावर ठेवला. टीव्हीच्या पाठीतला धातू वाय-फाय अडवतो, आणि तिथल्या ऊबेला मुंग्या आणि झुरळं येतात ती वेगळीच.

आता मागचा भाग मावशीच्या वेणीइतका देखणा दिसत नाही. संध्याकाळी तिनं ग्रुपवर पुन्हा फोटो टाकला. राउटरच्या स्टिकरवर या वेळी कॅलेंडरचं फाडलेलं पान चिकटवलेलं होतं.