शॉपिंग जाहिरातींत खर्च खाणारी, पण विक्री न देणारी उत्पादने कशी शोधावीत

शॉपिंग कॅम्पेनचा एकूण हिशेब समाधानकारक दिसत असला, तरी त्यातला काही पैसा अशा उत्पादनांवर जात असतो, ज्यांच्या क्लिकमधून काहीच विकले जात नाही. ‘खर्च आहे आणि विक्री शून्य’ असा फिल्टर लावला की अशा उत्पादनांची यादी क्षणात मिळते. मात्र त्या यादीतली अनेक उत्पादने निर्दोष असतात, आणि जिथे पैसा खरोखर गळतो ती जागा बहुधा त्या यादीवरून ओळखू येत नाही. गुगल ॲड्स आणि मर्चंट सेंटर वापरणाऱ्यांनी ही छाननी कशी करावी, ते पुढे दिले आहे.

सर्वप्रथम उत्पादननिहाय आकडे काढावेत. गुगल ॲड्सच्या क्वेरीच्या भाषेत ती मागणी अशी लिहिता येते:

```
SELECT segments.product_item_id,
  metrics.clicks, metrics.cost_micros,
  metrics.conversions, metrics.conversions_value
FROM shopping_performance_view
WHERE segments.date BETWEEN '2025-03-01' AND '2025-05-31'
  AND metrics.clicks > 0
```

येथे `cost_micros` हा खर्च दशलक्षपट मोठा येतो, म्हणून त्याला दहा लाखांनी भागावे. उत्पादनाचे शीर्षक मुद्दाम मागवलेले नाही, कारण त्या काळात शीर्षक बदलले असेल तर एकाच उत्पादनाच्या दोन ओळी होतात आणि दोन्ही ओळी निरुपद्रवी वाटतात. शीर्षक, किंमत, उत्पादन प्रकार आणि `item_group_id` फीडमधून घेऊन आयडीच्या आधारे नंतर जोडावे. अहवालातले आयडी लहान अक्षरांत येतात. फीडमध्ये ते मोठ्या अक्षरांत असतील, तर डेटाबेसमधील जोडणी गुपचूप फसते आणि ओळी गळून पडतात. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्हीकडचे आयडी लहान अक्षरांत आणावेत आणि जोडणीनंतर खर्चाची बेरीज मूळ अहवालाशी ताडून पाहावी.

तारखांची निवड हा दुसरा भाग. कन्व्हर्जनची नोंद ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसाच्या खात्यावर पडते, त्यामुळे अगदी अलीकडच्या दिवसांचा खर्च पूर्ण दिसतो, पण विक्री अर्धवट. `Days to conversion` हे वर्गीकरण लावून आपले ग्राहक खरेदीला साधारण किती दिवस घेतात ते पाहावे आणि तेवढे शेवटचे दिवस हिशेबातून वगळावेत. महागड्या वस्तूंच्या बाबतीत हे दिवस बरेच असू शकतात.

आता यातला सर्वांत घोटाळ्याचा मुद्दा. या अहवालात विक्रीचे श्रेय क्लिक झालेल्या उत्पादनाला मिळते, विकल्या गेलेल्या उत्पादनाला नव्हे. ग्राहकाने निळ्या बॅगेच्या जाहिरातीवर क्लिक करून काळी बॅग घेतली, तर श्रेय निळीच्या नावावर जमा होते. अनेक जण जाहिरातीचा खर्च एका बाजूला आणि दुकानाच्या ऑर्डरमधली विक्री दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्ही एकाच आयडीने जोडतात. मग निळी बॅग खर्चिक आणि निरुपयोगी ठरते, आणि ती बंद केली की काळीची विक्रीही घटते. म्हणून ‘खर्च करूनही विक्री नाही’ हा निकाल जाहिरातीच्या अहवालातील कन्व्हर्जनवरूनच काढावा. दुकानाच्या ऑर्डर केवळ कोणता माल प्रत्यक्ष हलतो हे समजण्यासाठी वापराव्यात.

त्यानंतर प्रश्न येतो तो किती क्लिक झाल्यावर शून्याला अर्थ द्यायचा, याचा. समजा, एकूण उत्पादनांचा कन्व्हर्जन दर २ टक्के आहे. अशा वेळी अगदी सामान्य उत्पादनालाही ५० क्लिकमध्ये एकही विक्री न मिळण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. १०० क्लिकनंतर ती १३ टक्क्यांवर येते आणि १५० क्लिकनंतर ५ टक्क्यांच्या आसपास. व्यवहारात ३ ला कन्व्हर्जन दराने भागावे. ३ ÷ ०.०२ म्हणजे १५० क्लिक ही आपली किमान मर्यादा. ही मर्यादा गाठलेली शंभर सामान्य उत्पादने असतील, तर त्यांतली पाचेक निव्वळ योगायोगाने शून्यावर राहतील. त्यामुळे ही यादी संशयितांची आहे, दोषींची नव्हे.

एक उदाहरण घेऊन पाहू. एका बॅगेचे चार रंग आहेत: काळ्याला १६० क्लिक आणि ३ विक्री, निळ्याला ९५ क्लिक आणि शून्य, हिरव्याला ४० क्लिक आणि १ विक्री, राखाडीला २५ क्लिक आणि शून्य. साध्या फिल्टरमध्ये निळा रंग सर्वांत वर येतो. परंतु `item_group_id` नुसार बेरीज केली, तर ३२० क्लिकमागे ४ विक्री होतात. अपेक्षा साधारण सहाची होती आणि एवढी तफावत चिंतेची नाही. शिवाय निळा रंग बंद केला, तर तेच शोध त्याच बॅगेच्या दुसऱ्या रंगाकडे वळू शकतात आणि खर्च फक्त जागा बदलतो. याउलट एका टेबल लॅम्पला एकच प्रकार आहे, १९० क्लिक आहेत आणि विक्री शून्य आहे. योगायोगाने असे घडण्याची शक्यता जेमतेम २ टक्के, म्हणजे हा खरा संशयित.

पण याच फीडमध्ये फोनची ४०० कव्हर आहेत आणि प्रत्येकाला सरासरी ६ क्लिक मिळाले आहेत. एकही कव्हर १५० च्या मर्यादेजवळ फिरकत नाही, म्हणून कोणत्याही यादीवरून त्यांतल्या एकावरही बोट ठेवता येत नाही. त्यांची बेरीज मात्र २,४०० क्लिक होते, ४८ विक्री अपेक्षित असताना १९ च झाल्या आहेत, आणि तेथे गेलेला पैसा लॅम्पच्या बारापटीहून अधिक आहे. म्हणून कमी क्लिकची उत्पादने सुटी न तपासता उत्पादन प्रकार, ब्रँड किंवा किमतीच्या टप्प्यानुसार गट करून तपासावीत. माझ्या मते या कामातला निम्माअधिक लाभ याच पायरीत असतो आणि नेमकी हीच पायरी सर्रास वगळली जाते.

संशयित सापडल्यावर लगेच बंद करण्याची घाई करू नये. त्या काळात माल शिल्लक होता का, मागणी असलेले आकार संपले होते का, दुवा योग्य पानावर जातो का, आणि मर्चंट सेंटरमधील किमतींच्या तुलनेत आपली किंमत कुठे बसते, हे पाहावे. शीर्षकामुळे भलतेच शोध येत असतील, तर शीर्षक बदलणे हाच उपाय आहे. लॅम्पच्या शीर्षकात ‘स्टडी’ हा शब्द असेल आणि तो दिसायला शोभेचा असेल, तर क्लिक करणारा गिऱ्हाईक पान पाहूनच परत फिरणार.

कारण दुरुस्त होण्यासारखे नसेल, तर पूरक फीडमध्ये फक्त `id` आणि `custom_label_0` असे दोन स्तंभ ठेवून त्या उत्पादनांना खूण करावी आणि त्यांना कमी बोलीच्या वेगळ्या कॅम्पेनमध्ये हलवावे. जाहिरात पूर्णच थांबवायची असल्यास `excluded_destination` मध्ये `Shopping_ads` लिहावे. मोफत लिस्टिंग त्यामुळे थांबत नाहीत. परिणाम मोजताना केवळ त्या उत्पादनाचा वाचलेला खर्च मोजू नये. ते बजेट दुसऱ्या उत्पादनांकडे जाते, म्हणून संपूर्ण खात्याचा खर्च आणि विक्री आधीच्या तेवढ्याच काळाशी ताडावी.

खूण लावण्याचे काम आपोआप होत असेल, तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. वगळलेल्या उत्पादनाला क्लिक मिळत नाहीत, त्यामुळे तीन महिन्यांनी ते अहवालातून नाहीसे होते, त्याची खूण गळते आणि ते पुन्हा कॅम्पेनमध्ये शिरून पूर्वीसारखाच खर्च करू लागते. हे टाळण्यासाठी वगळल्याची तारीख, कारण आणि त्या वेळची किंमत वेगळ्या पत्रकात नोंदवून ठेवावी, आणि किंमत, छायाचित्र किंवा साठा यांपैकी काही बदलले असेल तरच खूण काढावी.