वाचन मोहिमेच्या दोस्ताला नाव कसं ठेवावं

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की मोहिमेचं बोधचिन्ह म्हणून एखादा गोड दोस्त हवा असतो, आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी ‘ग्रंथू’ सुचवतं. मोठ्यांना हसू येतं, पण पहिलीतल्या पोराची जीभ ‘ग्रं’वरच अडकते. अशी कोटीबाज नावं लगेच खोडा.

आधी प्राणी ठरवा. आपण मासा धरू.

आता नाव. खरी कसरत इथेच आहे. र, ळ, ण आणि जोडाक्षरं टाळा. पहिलीतही काही मुलांचा ‘र’ अजून ‘ल’च असतो. नाव दोन अक्षरी आणि शेवटी लांबवता येणारं हवं, म्हणजे वर्गाच्या मागच्या बाकावरूनही हाक मारता येते. मुंबईत आणखी एक पेच आहे. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि एकाच इमारतीत मराठी, उर्दू, तमिळचे वर्ग सापडतात. तमिळ लिपीत प आणि ब एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे फलकावरचा ‘बुबू’ तिथे ‘पुबू’ होतो. म आणि न ही भानगड करत नाहीत. म्हणून ‘मीनू’. कन्नडमध्ये मासा ‘मीनु’च, तमिळमध्ये ‘मीन’. उर्दू फलकावर मात्र जेर-पेश ही स्वरचिन्हं द्यायला सांगा, नाहीतर कुणी ‘मेनो’ वाचेल.

नाव तपासताना ‘म्हण बघू’ असं सांगू नका. मागून म्हणणं सगळ्यांनाच जमतं. एकदा गोष्टीत वापरा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, ‘काल कोण आलं होतं?’ नाव आठवलं आणि नीट उच्चारलं, तरच ते पास. हजेरीपटही चाळा. वर्गात एखादी मीनू असेल तर हे नाव सोडा. वर्षभर तिलाच ‘मासा’ म्हणतील. मग नीमू घ्या. (‘आम्ही मासे खात नाही’ म्हणणारे पालक भेटतीलच. हा मासा पाण्यात पोहतो, ताटात येत नाही, एवढं सांगा.)

चित्र खडू न उचलता यायला हवं. शेपटीच्या वरच्या टोकापासून निघा, पोटाखालून तोंडाला वळसा घाला, पाठीवरून परत या आणि पहिली रेघ छेदून शेपटीच्या खालच्या टोकाला थांबा. एक ठिपका, झाला डोळा. शेपटीच्या दोन पात्यांवर दोन-दोन आडव्या रेघा मारल्या की ती उघडं पुस्तक दिसते. हातात पुस्तक, डोळ्यांवर चष्मा हा सोस नको. चष्म्याची दोन सारखी वर्तुळं मुलांना जमत नाहीत.

फळा पुसा आणि मुलांना आठवून काढायला सांगा. शेपटीवरच्या रेघा बहुतेकांच्या सुटल्या, तर एका पात्याला एकच, पण ठळक रेघ ठेवा. त्यानंतरच फलक छापायला टाका.